सहा वाजून चार सेकंद: विट्याच्या एका सौद्यात पाच हजार रुपये कुठं गेले

तक्रार सरळ होती. विट्याच्या एका गलाईवाल्या घरानं एमसीएक्स या कमोडिटी वायद्याच्या एक्स्चेंजवर गोल्ड मिनी या सोन्याच्या छोट्या वायद्याचे पाच लॉट विकले. बटण दाबताना मोबाइलवर भाव दिसत होता ७२,१४०, आणि सौदा पडला सरासरी ७२,०३८.२० ला. १० ग्रॅममागे १०१ रुपये ८० पैसे कमी. गोल्ड मिनीचा एक लॉट १०० ग्रॅमचा आणि भाव १० ग्रॅमचा, त्यामुळे भावातला एक रुपया म्हणजे लॉटमागे दहा रुपये. पाच लॉटला ५,०९० रुपये झाले. घरातले थोरले, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांचं मत पक्कं झालं होतं: "मधल्या मधी ब्रोकरनं खाल्लं."

सौदा पुतण्यानं टाकला होता. तोच ऑर्डर बुक, ट्रेड बुक आणि काँट्रॅक्ट नोटचे कागद घेऊन तात्यांबरोबर सांगलीला आला. मी इथं कमोडिटीच्या टर्मिनलवर डीलर म्हणून बसतो. त्यांचं खातं आमच्याकडे नाही, पण अशा कागदांची चिरफाड करायचा मला नाद आहे. घराण्याची ओळख पटू नये म्हणून तारीख आणि भावाची पातळी थोडी हलवली आहे. भावांमधले फरक मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्या फरकांचंच आहे.

आधी हे लोक वायद्यात का शिरतात ते सांगितलं पाहिजे. खानापूर, आटपाडी, तासगाव या बाजूचे गलाईवाले देशभर पसरलेत. सराफांकडची मोड, म्हणजे जुने दागिने, घ्यायची, आटवायची, टंच काढायचा, म्हणजे शुद्धता तपासायची, शुद्ध करून लगड करायची आणि विकायची, हा धंदा. या घरानं त्या शुक्रवारी दुपारी दोन सराफांकडून मोड उचलली होती. शुद्ध होऊन साधारण ५०० ग्रॅम निघेल असा अंदाज. मोडीचा भाव दुपारीच फिक्स झाला, पण लगड विकली जाणार सोमवारी किंवा मंगळवारी. मधल्या दिवसांत भाव पडला तर तो खड्डा यांच्याच खिशाला. म्हणून तेवढंच सोनं वायद्यात विकून ठेवायचं, आणि लगड गेली की वायद्यातला सौदा कापायचा. माल पडला तर वायदा भरून काढतो, माल चढला तर वायदा तेवढंच खातो. या धंद्यात कमाई गलाईच्या फरकातून येते, भावाच्या तेजी-मंदीतून नाही. ५०० ग्रॅम म्हणजे ३६ लाखांचा माल, त्यात पाच हजार म्हणजे शेकड्याला पंधरा पैसेसुद्धा नाहीत. पण ग्रॅममागे दहा रुपये गेले हे गलाईवाल्याला लगेच टोचतं, कारण त्याचा सगळा हिशेब ग्रॅमच्या रुपयांतच चालतो.

आता तो शुक्रवार. अमेरिकेतला रोजगाराचा आकडा बहुतेक वेळा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, तिकडच्या सकाळी साडेआठला. तिकडे उन्हाळी वेळ चालू असेल तर आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, हिवाळ्यात सात. आकडा अपेक्षेपेक्षा दणकट आला की व्याजदर लवकर उतरणार नाहीत असा अर्थ लावला जातो आणि सोनं सहसा आपटतं. ७ जून २०२४ ला हेच झालं होतं. आकडा २,७२,००० नोकऱ्यांचा आला, अपेक्षा दोन लाखांच्याही खालची होती, आणि चीनच्या मध्यवर्ती बँकेनं सोनं घेणं थांबवल्याची बातमी त्याच दिवशी आधीच येऊन गेली होती. त्या एका दिवसात आंतरराष्ट्रीय बाजारात सोनं तीन टक्क्यांहून जास्त पडलं.

पुतण्याला आकडा आहे हे माहीत होतं. मोड तोलून, पावत्या करून तो मोकळा झाला साडेपाचला. मग त्यानं ठरवलं की आकडा येऊ दे, सोन्याच्या बाजूनं आला तर वरच्या भावात विकू. आकडा दणकट आला, म्हणजे सोन्याला वाईट. सहा वाजून चार सेकंदांनी त्यानं घाबरून मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाला विकायची ऑर्डर, दाबली. मात्र त्याआधी सवयीनं डेप्थचा, म्हणजे कुठल्या भावाला किती लॉट घ्यायला-विकायला उभे आहेत त्या यादीचा, स्क्रीनशॉट घेतला होता. तो नसता तर पुढचा हिशेब मांडताच आला नसता.

त्या स्क्रीनशॉटवर शेवटच्या सौद्याचा भाव, म्हणजे एलटीपी, ७२,१४०. त्याच्या खाली घेणाऱ्यांच्या बाजूला पहिली बिड ७२,११८ ला, फक्त दोन लॉट. दुसरी ७२,१०५ ला एक लॉट. विकणाऱ्यांच्या बाजूला पहिली ऑफर ७२,१६३ ला. म्हणजे घेणारा आणि विकणारा यांच्यात ४५ रुपयांचं अंतर. आमच्या ऑफिसात आकड्याच्या दिवशी अधूनमधून डेप्थ टिपून ठेवायची पद्धत आहे, म्हणून मी आमचं त्याच दिवसाचं ५:५० चं चित्र काढलं. तेव्हा एलटीपी ७२,१४९, बिड ७२,१४६ ला नऊ लॉट, ऑफर ७२,१५१ ला. अंतर पाच रुपये. दहा मिनिटांत भाव फारसा हलला नव्हता, पण भावाच्या खालची जमीन गेली होती.

ती का जाते? एमसीएक्सवरच्या बिड-ऑफरमधला मोठा भाग अशा लोकांचा असतो, जे न्यूयॉर्कचा कॉमेक्स वायदा आणि डॉलर-रुपया यांच्याकडे बघून इथला भाव लावतात. डॉलर ८४ रुपये आणि आयात शुल्क ६ टक्के धरलं, तर औंसामागे एक डॉलर म्हणजे इथं १० ग्रॅममागे साधारण २८-२९ रुपये. आकडा आल्यावर कॉमेक्स दोन-चार सेकंदांत दहा-पंधरा डॉलर इकडचा तिकडे होऊ शकतो, म्हणजे इथले तीन-चारशे रुपये. अशा वेळी जुन्या भावाची बिड लावून बसलेल्याला कोणीतरी चढ्या भावात माल गळ्यात घालणार हे नक्की असतं. म्हणून ते लोक सहाच्या आधीच काही सेकंद आपल्या बिड काढून घेतात किंवा लांब नेऊन ठेवतात. स्क्रीनवर भाव तसाच दिसत राहतो, कारण शेवटचा सौदा त्या भावाला झालेला असतो. पण त्या भावाला घेणारा उरलेला नसतो.

ट्रेड बुकमध्ये पाच लॉटचे चार तुकडे होते: एक लॉट ७२,०६१ ला, दोन ७२,०४८ ला, एक ७२,०२९ ला, एक ७२,००५ ला. एक्स्चेंजची वेळ १८:००:०६. बेरीज करून पाचानं भागलं की ७२,०३८.२०, म्हणजे काँट्रॅक्ट नोट बरोबर.

इथून पुढं मी तात्यांना ५,०९० चे तीन ढीग करून दाखवले.

पहिला ढीग: ७२,१४० हा भाव त्यांचा कधी नव्हताच. तो मागच्या सौद्याचा भाव. विकणाऱ्याला मिळणारा भाव म्हणजे बिड, आणि ती त्या क्षणी ७२,११८ होती. २२ रुपयांचा फरक, पाच लॉटला १,१०० रुपये. याला घसरण, म्हणजे ऑर्डर टाकल्यापासून सौदा होईपर्यंत भाव निसटणं, म्हणणंसुद्धा चूक आहे. हा नुसता चुकीच्या आकड्याकडे बघितल्याचा परिणाम. बहुतेक मोबाइल ॲपमध्ये एलटीपी ठळक अक्षरांत असतो आणि बिड बघायला डेप्थ उघडावी लागते, त्यामुळे माणूस मनात एलटीपीचाच हिशेब धरतो.

दुसरा ढीग सगळ्यांत मोठा. स्क्रीनवर बिड ७२,११८ होती, पण ऑर्डर एक्स्चेंजला पोचली तेव्हा पहिली बिड ७२,०६१ वर आली होती. ५७ रुपये गेले, म्हणजे २,८५०. कॉमेक्सच्या भाषेत फक्त दोन डॉलर. पुतण्यानं स्क्रीन बघून बटण दाबलं, मग "खात्री आहे का" विचारणारी खिडकी आली, तिथं परत दाबलं, मग ऑर्डर ब्रोकरच्या सर्व्हरमधून मार्जिन तपासून एक्स्चेंजला गेली. एरवी या दोन सेकंदांत एक-दोन रुपये इकडेतिकडे होतात. सहाच्या ठोक्याला ५७ गेले. हे कोणी घेतले नाहीत, भावच तेवढा पुढं निघून गेला होता.

तिसरा ढीग म्हणजे बुक उतरणं. पहिली बिड एकाच लॉटची. ती संपल्यावर पुढची, मग त्याच्या पुढची, असं करत ऑर्डर ७२,००५ पर्यंत खाली गेली. ७२,०६१ आणि सरासरी ७२,०३८.२० यातला फरक २२ रुपये ८० पैसे, म्हणजे १,१४० रुपये. मार्केट ऑर्डरचा खास स्वभाव इथं दिसतो. तिला फक्त किती माल द्यायचा हे ठाऊक असतं, किती भावाला हे नाही. समोर जी बिड असेल ती घेत ती पाच लॉट पुरे करते.

तात्यांनी विचारलं, "मग ब्रोकरनं काही खाल्लं नाही असं म्हणतोस?" हे तपासता येतं. चारही सौदे सहाच्या एक मिनिटाच्या कँडलमध्ये बसतात का ते बघायचं. त्या मिनिटाचा उच्चांक आणि नीचांक यांच्या आत ते बसत होते. एक्स्चेंजकडून दिवसाअखेरी येणारा संदेश आणि काँट्रॅक्ट नोटमधले ट्रेड नंबर जुळत होते. एखादा सौदा त्या मिनिटाच्या नीचांकाच्याही खाली दिसला असता, तर लेखी तक्रार करायला मीच सांगितलं असतं. शिवाय दलाली, सोन्याच्या वायद्यात विक्रीवर लागणारा ०.०१ टक्का सीटीटी हा कर (इथं सुमारे ३६० रुपये), जीएसटी हे सगळं वेगळं. पुतण्यानं आधी ते सगळं घसरणीतच धरलं होतं आणि आकडा साडेपाच हजारांच्या वर नेला होता.

मग तात्या मूळ मुद्द्यावर आले. "लिमिट टाकायचं ना रं. ७२,१४० ला लिमिट टाकलं असतंस तर एक रुपाया गेला नसता."

हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि ते अर्धंच खरं आहे. लिमिट ऑर्डर म्हणजे या भावाला किंवा याहून चांगल्या भावाला, नाहीतर नाही. ७२,१४० ची विक्री लिमिट सहा वाजून चार सेकंदांनी टाकली असती तर ती बुकात विकणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसली असती. भाव त्यानंतर ७२,१४० ला परत आलाच नाही. सहा पंचवीसला तो ७१,६९० वर होता आणि रात्री बंद झाला ७१,८६० ला. म्हणजे ऑर्डर पेंडिंग राहिली असती आणि घराकडे ५०० ग्रॅम माल उघडा पडला असता. सहा पंचवीसला मालावर १० ग्रॅममागे ४५० रुपये, एकूण २२,५०० रुपये खड्डा. बंद भावानं धरलं तरी १४,०००. पाच हजार वाचवायला गेलेली ऑर्डर चौदा हजारांचं राखण सोडून बसली असती.

यात नशिबाचा भाग नाही, हे तात्यांना पटवायला वेळ लागला. वर लावलेली विक्री लिमिट भरते केव्हा? भाव चढतो तेव्हा. भाव चढला तर घरातला माल आपोआप महाग होतो, म्हणजे हेजची, वायद्यात विकून केलेल्या या राखणीची, गरजच नसते. आणि भाव पडला, म्हणजे हेज खरोखर हवी असते, तेव्हा ती लिमिट हमखास रिकामी राहते. तेजी-मंदी खेळणाऱ्याला न भरलेली लिमिट म्हणजे फक्त हुकलेली संधी. त्याच्याकडे काही नव्हतं, काही गेलं नाही. मालवाल्याच्या कपाटात ५०० ग्रॅम पडलेलं असतं. एकच ऑर्डर दोघांना वेगळी पडते, आणि यूट्यूबवर "नेहमी लिमिटच वापरा" म्हणणारे बहुतेक पहिल्या माणसाशी बोलत असतात.

पुतण्याला ही बाजू लगेच कळली आणि तो जरा फुगला. "म्हणजे मार्केट मारलं तेच बरोबर केलं ना दादा?"

सहा वाजून चार सेकंदांनी, त्याच्यापुढं जे दोनच रस्ते होते त्यातला तो कमी वाईट होता, एवढंच. पण एक तिसरा रस्ता असतो. खरेदी असेल तर ऑफरच्या वर आणि विक्री असेल तर बिडच्या खाली लिमिट टाकायची. लिमिट विक्री बिडच्या खाली लावली म्हणून ती खालच्याच भावाला जात नाही. एक्स्चेंज समोरची सगळ्यांत चांगली बिड आधी देतं आणि आपण ठरवलेल्या भावापाशी थांबतं. मार्केट ऑर्डरला तळ नसतो, हिला असतो.

या प्रकरणात ती कशी चालली असती ते मांडून बघू. स्क्रीनवर बिड ७२,११८. समजा पुतण्यानं ७८ रुपये मोकळीक धरून ७२,०४० ची विक्री लिमिट टाकली असती. एक्स्चेंजला पोचल्यावर एक लॉट ७२,०६१ ला आणि दोन ७२,०४८ ला गेले असते. पुढची बिड ७२,०२९ ची, म्हणजे आपल्या लिमिटच्या खाली. तिथं ऑर्डर थांबली असती आणि उरलेले दोन लॉट ७२,०४० ला रांगेत राहिले असते. चाळीस सेकंदांनी भावानं एकदा वर मान काढली होती, ७२,०५२ पर्यंत सौदे झाले होते. त्यात हे दोन लॉट ७२,०४० ला निघाले असते. मार्केटमध्ये ते ७२,०२९ आणि ७२,००५ ला गेले, म्हणजे ११ आणि ३५ असे ४६ रुपये, लॉटमागे दहानं गुणून ४६० रुपये वाचले असते.

४६० रुपये. आणि तेही ती उसळी आली म्हणून. आली नसती तर दोन लॉट उघडे. त्या क्षणी मार्केट की लिमिट या सगळ्या वादाची किंमत एवढीच होती, आणि ती ५,०९० च्या दहा टक्क्यांहूनही कमी. तळ लावण्याचा खरा उपयोग वेगळ्या संध्याकाळी होतो, जेव्हा बुक क्षणभर पूर्ण रिकामं होतं आणि मार्केट ऑर्डर तीन-चारशे रुपये खाली जाऊन कुणाच्या तरी मजेनं लावलेल्या बिडला आपटते. म्हणून ही मोकळीक एक-दोन रुपयांची ठेवून उपयोग नसतो. मी मागच्या दोन-तीन आकड्यांच्या संध्याकाळी पहिल्या मिनिटाची कँडल केवढी होती ते बघतो आणि तिच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी मोकळीक धरतो. हे माझं मोजमाप, कुठल्या पुस्तकातलं नाही. काही ब्रोकरांच्या मार्केट ऑर्डरमध्ये "मार्केट प्रोटेक्शन" नावाचा टक्का आधीच भरलेला असतो, तोही याच कामाचा. आपल्या ॲपमध्ये तो आहे का आणि किती आहे हे शांत दिवशी एकदा बघून ठेवावं. कारण प्रोटेक्शनच्या पलीकडचा माल विकला जात नाही, आणि माणूस समजतो की सगळा गेला.

उरलेला माल रांगेत सोडायचा नसेल तर व्हॅलिडिटीत "डे" ऐवजी आयओसी निवडता येतं. मिळेल तेवढा माल तत्काळ जातो आणि बाकीचा आपोआप रद्द होतो. मग उरलेल्या दोन लॉटचं काय करायचं ते नव्या भावाकडे बघून ठरवता येतं. घाईत माणूस विसरलेली पेंडिंग ऑर्डर तशीच ठेवून दुसरी टाकतो आणि तासाभरानं पाचाच्या जागी सात लॉट विकलेले निघतात. हा प्रकार मी घसरणीपेक्षा जास्त वेळा पाहिलाय.

आता वळू पाच हजारांच्या खऱ्या कारणाकडे. ५:५० च्या त्या चित्रात पहिल्याच बिडवर नऊ लॉट उभे होते. पाचच्या पाच लॉट मार्केट ऑर्डरनं ७२,१४६ ला गेले असते. एलटीपीपासून तीन रुपये, पाच लॉटला १५० रुपये. तीच मार्केट ऑर्डर, तेच बटण. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून १५० चे पाच हजार झाले, आणि भाव उतरला तो वेगळाच. पुतण्यानं आकड्याची वाट बघितली तेव्हाच घराचा गलाईचा धंदा काही वेळापुरता सट्ट्याचा झाला होता. हे मी त्याला तात्यांसमोर म्हटलं नाही, चहाला बाहेर गेलो तेव्हा म्हटलं.

तात्यांनी जाताना स्टॉप लॉसचं, म्हणजे भाव ठरावीक पातळीला आला की सौदा आपोआप कापायला जाणाऱ्या ऑर्डरचं, काढलं. त्यांच्या एका पाहुण्यानं २३ जुलै २०२४ ला, बजेटच्या दिवशी, सोन्यात खरेदी करून खाली एसएल लावला होता आणि तो "लागलाच नाही". त्या दिवशी अर्थमंत्र्यांनी सोन्याचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आणल्याचं सांगितलं आणि एमसीएक्सवर सोनं १० ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपयांनी कोसळलं. लंडन-न्यूयॉर्कमध्ये तेव्हा काहीच घडलं नव्हतं, शुल्क फक्त आपल्याकडचं. पाहुण्याची ऑर्डर साधी एसएल होती, म्हणजे ट्रिगर आणि लिमिट दोन्ही दिलेली, आणि लिमिट ट्रिगरच्या जेमतेम पन्नास रुपये खाली. ट्रिगर लागला, ऑर्डर जागी झाली, पण तोवर भाव लिमिटच्या खाली निघून गेला होता. विक्री लिमिट वर लटकत राहिली आणि ॲपवर "ट्रिगर्ड" आणि "ओपन" असं दोन्ही दिसत राहिलं. एसएल-एममध्ये ट्रिगरनंतर मार्केट ऑर्डर जाते. ती भरली असती, पण कुठल्या भावाला हे कोणी सांगू शकलं नसतं.

आणि मार्केट ऑर्डर भरतेच, अशीही खात्री नाही. एमसीएक्सवर सोन्याला दिवसाची भावमर्यादा आधी तीन टक्के असते. ती तुटली की सौदे न थांबता सहापर्यंत सैल होते, आणि सहाही तुटली तर पंधरा मिनिटं थांबून नऊपर्यंत. भाव खालच्या मर्यादेला टेकला आणि तिथं घेणारा कोणी नसेल, तर विक्रीची मार्केट ऑर्डरही रांगेत बसते. त्या मंगळवारी ज्या गलाईवाल्यांनी सकाळीच माल वायद्यात विकून ठेवला होता, त्यांचा मालातला तोटा वायद्यानं भरून दिला. उघड्या मालावर मात्र शंभर ग्रॅममागे चाळीस हजारांच्या आसपास गेले, आणि दुपारी कुठलं बटण दाबलं यानं त्यात फार फरक पडला नाही.

पुढच्या आकड्याच्या शुक्रवारी पुतण्यानं मोड तोलायच्या आधीच फोन केला. आम्ही ठरवलं ते असं: मोडीचा भाव फिक्स झाला की लगेच, सराफाच्या दुकानातूनच, अंदाजी वजनाचे लॉट विकायचे. पहिली लिमिट ऑफरच्या भावाला, म्हणजे घाई नसल्यासारखी. पाच वाजता टाकलेल्या पाचपैकी तीन लॉट तशाच निघाले. पावणेसहाला उरलेले दोन रद्द केले आणि बिडच्या खाली दहा रुपये लिमिट ठेवून विकले. ते मूळ भावापेक्षा सहा रुपये खाली गेले, म्हणजे दोन लॉटला १२० रुपये.

सहाला आकडा कमजोर आला आणि सोनं तीनशे रुपयांनी चढलं. वायद्यात पंधरा हजार तोटा दिसायला लागला, मालाची किंमत तेवढीच वाढली. साडेसहाला तात्यांचा फोन आला. त्यांच्यासमोर फक्त ॲपचा लाल आकडा होता, आणि लगड अजून मुशीत होती.